दारातल्या गिऱ्हाइकाची दलाली

भीमा आणि मुळा-मुठा या नद्यांच्या मधल्या पट्ट्याला आमच्याकडे राहू बेट म्हणतात. ऊस, आणि उसामागोमाग गुऱ्हाळे, ही या पट्ट्याची ओळख. माझ्या चुलतभावाचे गुऱ्हाळ राहूच्या शिवारात आहे. चरक, काहील, चुलवण सगळे जुनेच. नवे एवढेच, की त्याच्या मुलाने चार वर्षांपूर्वी गुळाची सगळी ढेप आडतीवर न पाठवता थोडा माल अर्ध्या-एक किलोच्या डब्यात भरून घराण्याच्या नावाने थेट पुण्या-मुंबईच्या घरांत विकायला सुरुवात केली. स्वतःची वेबसाइट केली, पुण्यातल्या एका संस्थेला जाहिरातीचे काम दिले. ते नाव आणि ती संस्था इथे महत्त्वाची नाही. महत्त्वाचा आहे तो कागद, जो तो गेल्या हंगामात माझ्याकडे घेऊन आला.

“काका, गूगलवर महिन्याला तीस हजार घालतोय. हे म्हणतात रुपयाला आठ रुपये येतात. मग माझ्या हातात पैसा का दिसत नाही?”

कागदावर खोटे काहीच नव्हते. महिन्याचा खर्च 30,000 रुपये, जाहिरातीवर टिचकी मारून आलेल्यांच्या ऑर्डरी 340, सरासरी ऑर्डर 700 रुपयांची, म्हणजे विक्री 2,38,000. भागाकार केला की आठाला जरा कमी. पण बेरजेत दोन अगदी वेगळ्या जातीची गिऱ्हाइके एकत्र उकळली गेली होती. ती वेगळी केल्याशिवाय त्या आठाला काहीच अर्थ नव्हता. ती कशी वेगळी करायची आणि केल्यावर काय दिसते, हे सांगण्यासाठी हा लेख. घरच्या हिशेबातले आकडे मी सोपे जावेत म्हणून पूर्णांकात आणले आहेत.

नावाने येणारे आणि वस्तूने येणारे

गूगलवर काही शोधले की वर ‘प्रायोजित’ असे लिहिलेले एक-दोन दुवे दिसतात आणि त्यांच्या खाली गूगलने आपणहून लावलेले. वरच्या जागेसाठी प्रत्येक शोधागणिक क्षणार्धात लिलाव होतो. जाहिरातदाराने कोणत्या शब्दांवर बोली लावायची ते आधी ठरवलेले असते, आणि पैसे साधारणपणे कोणी टिचकी मारली तरच द्यावे लागतात. खालच्या दुव्यावर कितीही टिचक्या पडल्या तरी खर्च शून्य.

आता दोन माणसे बघा. एक बाई ‘रसायनविरहित गूळ पुणे’ असे शोधते. तिला गूळ हवा आहे. कोणाचा, ते ठरलेले नाही. दुसरी बाई थेट आमच्या घराण्याचे नाव टाकून ‘अमुक गूळ’ असे शोधते. तिने शेजारणीकडे हा गूळ चाखलेला असतो, किंवा भीमथडी जत्रेसारख्या ठिकाणी डबा घेतलेला असतो, किंवा मागच्या संक्रांतीला मागवलेला असतो. ती गूळ शोधत नाही, आमचे दार शोधते आहे. पहिल्या शोधाला या धंद्यात ‘नॉन-ब्रँड’ म्हणतात, दुसऱ्याला ‘ब्रँड’. मी त्यांना वस्तूचा शोध आणि नावाचा शोध म्हणेन.

नावाच्या शोधात वर आमची प्रायोजित जाहिरात आणि तिच्या लगेच खाली आमचाच फुकटचा दुवा. दोन्हीही एकाच पानावर नेतात. बाई वरच्यावर बोट टेकवते, कारण तो वर आहे. आम्ही टिचकीचे पैसे भरतो, आणि कागदावर ती ऑर्डर ‘जाहिरातीमुळे आलेली’ म्हणून नोंदली जाते. गुऱ्हाळाच्या फाटकावर एक माणूस उभा करावा, आत शिरणाऱ्या प्रत्येकाच्या हातात त्याने चिठ्ठी द्यावी, आणि संध्याकाळी चिठ्ठ्या मोजून ‘आज मी इतकी गिऱ्हाइके आणली’ म्हणत दलाली मागावी, तसा हा प्रकार. काही जण खरोखर त्याच्या हाकेने वळले असतील. पण किती? चिठ्ठ्या मोजून ते कधीच कळणार नाही.

कागद फाडून दोन केला

पहिले काम वेगळे करण्याचे. गूगलच्या जाहिरात खात्यात `Search terms` नावाचा अहवाल असतो. लोकांनी खरोखर कोणते शब्द टाकले ते त्यात दिसते. सगळे नाही, फार थोड्यांनी टाकलेले शब्द गूगल दाखवत नाही, पण बहुतेक कळते. त्यात घराण्याचे नाव असलेल्या ओळी एकीकडे आणि बाकीच्या दुसरीकडे केल्या. पुढे गफलत होऊ नये म्हणून दोन स्वतंत्र मोहिमा केल्या आणि वस्तूच्या मोहिमेत घराण्याचे नाव ‘नकारात्मक शब्द’ म्हणून घातले. म्हणजे त्या नावाच्या शोधावर ती मोहीम बोलीच लावणार नाही. इथे नावाची सगळी रूपे लिहून काढावी लागतात: देवनागरी, रोमन, जोडून, तोडून. एक जरी राहिले तरी नावाची गिऱ्हाइके मागच्या दाराने वस्तूच्या मोहिमेत शिरतात आणि तिचे आकडे फुगवतात.

गावाच्या नावाने थोडी गंमत केली. ‘राहू गूळ’ हा नावाचा शोध की वस्तूचा? आमच्या डब्यावर गावाचे नाव आहे, पण राहूत गुऱ्हाळे अनेक आहेत. म्हणून तो वस्तूत धरला. नुसते ‘राहू’ टाकणारे तर राहूकाळ आणि ग्रहशांती शोधत येतात. त्यांच्या टिचक्यांचेही पैसे जात होते. ते दोन्हीकडून बंद केले.

मग चित्र असे निघाले. नावाच्या शोधावर खर्च 6,000 रुपये, टिचक्या 1,500, म्हणजे टिचकीला चार रुपये, ऑर्डरी 270. वस्तूच्या शोधावर खर्च 24,000, टिचक्या 2,000, म्हणजे टिचकीला बारा रुपये, ऑर्डरी 70. नावाच्या मोहिमेत रुपयाला साडेएकतीस रुपयांची विक्री, वस्तूच्या मोहिमेत जेमतेम दोन. आठ हा आकडा कुठल्याच मोहिमेचा नव्हता.

पुतण्याच्या हातात पैसा का दिसत नव्हता तेही इथेच उलगडते. सातशेच्या ऑर्डरीत ऊस, जळण, मजुरी, डबा आणि कुरिअर वजा जाता त्याच्याकडे 175 रुपये उरतात. वस्तूच्या सत्तर ऑर्डरींतून 12,250 रुपये सुटले आणि त्यासाठी 24,000 घातले. संस्थेचा सल्ला सरळ होता: वस्तूची मोहीम कमी करा, नावाची वाढवा. कागद बघून कोणीही तेच म्हणेल. आणि तिथेच फसेल.

ईबेने पाणी तोडून पाहिले

या प्रश्नाचे सर्वांत गाजलेले उत्तर 2012 साली ईबे या अमेरिकी कंपनीत मिळाले. तिथे काम करणाऱ्या थॉमस ब्लेक, क्रिस नोस्को आणि स्टीव्हन टॅडेलिस या अर्थशास्त्रज्ञांनी तो प्रयोग 2015 मध्ये ‘इकॉनॉमेट्रिका’ या नियतकालिकात मांडला. मार्च 2012 मध्ये ईबेने याहू आणि मायक्रोसॉफ्टच्या शोधयंत्रांवर स्वतःच्या नावावरच्या जाहिराती बंद केल्या. गूगलवर चालू ठेवल्या, म्हणजे तुलनेला आधार राहील. जाहिरातीतून येणाऱ्या टिचक्या अर्थातच शून्यावर आल्या. पण खालच्या फुकटच्या दुव्यावरून येणाऱ्या टिचक्या त्याच वेळी तेवढ्याच वाढल्या. गमावलेल्या टिचक्यांपैकी 99.5 टक्के त्या वाटेने परत आल्या. ज्यांच्यासाठी पैसे मोजले जात होते, ती माणसे येणारच होती.

मग त्यांनी वस्तूच्या शब्दांकडे मोर्चा वळवला. अमेरिकेतल्या दूरचित्रवाणीच्या बाजारविभागांपैकी सुमारे 30 टक्के विभागांत गूगलवरच्या नाव नसलेल्या शब्दांच्या जाहिराती बंद केल्या आणि बाकी विभागांशी विक्री ताडून पाहिली. सरासरी परिणाम नगण्य निघाला. गुंतवणुकीवरचा परतावा उणे 63 टक्के. पण सरासरीच्या पोटात महत्त्वाची गोष्ट होती. जे नवे होते किंवा क्वचित खरेदी करत, त्यांच्यावर जाहिरातीचा परिणाम दिसत होता. नेहमीच्या खरेदीदारांवर काहीच नाही, आणि खर्चाचा मोठा भाग त्यांच्याच टिचक्यांवर जात होता. जाहिरात माहिती देते. ज्याला माहिती आहे त्याला ती पुन्हा देऊन उपयोग नाही.

या प्रयोगाचे मर्म कृतीत आहे. शेतात पाणी मुरते की वाहून जाते हे कळायला एक पाट काही दिवस तोडून पिकाकडे बघावे लागते. जाहिरातीतून किती आले हे मोजण्याऐवजी, जाहिरात नसताना किती कमी झाले हे मोजायचे.

राहूतला प्रयोग

ईबेकडे देशभराचे विभाग होते. आमच्याकडे बहुतेक गिऱ्हाईक पुण्या-मुंबईचे. म्हणून विभागांऐवजी आठवडे घेतले. आठ आठवड्यांच्या चार जोड्या केल्या. प्रत्येक जोडीत नावाची जाहिरात कोणत्या आठवड्यात चालू आणि कोणत्या बंद, ते नाणे उडवून ठरवले. आपल्या मर्जीने ठरवले असते तर नकळत मंद आठवडे ‘बंद’मध्ये गेले असते. सण टाळले, वस्तूची मोहीम पूर्ण काळ तशीच ठेवली आणि किमतीला हात लावला नाही.

मोजायचे काय? जाहिरातीच्या खात्यातल्या ऑर्डरी नव्हे; त्या बंद आठवड्यांत शून्य दिसणारच. नावाच्या शोधातून आलेल्या एकूण टिचक्या मोजायच्या, विकतच्या आणि फुकटच्या मिळून. फुकटच्या टिचक्या `Search Console` या गूगलच्याच मोफत साधनात दिसतात.

चालू असलेल्या चार आठवड्यांत विकतच्या 1,400 आणि फुकटच्या 1,000, एकूण 2,400. बंद असलेल्या चार आठवड्यांत विकतची एकही नाही, फुकटच्या 2,310. म्हणजे चौदाशे टिचक्यांचे पैसे भरत होतो आणि बंद केल्यावर खरोखर गेल्या फक्त 90, शंभरातल्या सहा-सात. बाकीच्या बायाबापड्यांनी बोट जरा खाली नेले, एवढेच.

आता हिशेब फिरवून मांडा. 1,400 टिचक्यांना चार रुपयांप्रमाणे 5,600 रुपये. ते खऱ्या 90 टिचक्यांवर वाटले तर टिचकी पडली बासष्ट रुपयांना. सर्वांत स्वस्त वाटणारी मोहीम सर्वांत महाग निघाली. नावाने येणाऱ्या शंभरातले अठरा खरेदी करतात, म्हणजे 90 टिचक्यांच्या सोळा ऑर्डरी आणि 2,800 रुपये नफा. 5,600 देऊन 2,800 मिळवले.

पुतण्या लगेच जाहिरात कायमची बंद करायला निघाला. मी त्याला थांबवले, कारण आमचा प्रयोग लहान होता. दोन अडीच हजारांच्या संख्या काही न करताही शे-सव्वाशेने इकडेतिकडे होतात. पाऊस, पगाराचा आठवडा, कोणाच्या तरी घरचे बारसे. त्यामुळे खरा फरक शून्यही असू शकतो आणि दोनशेच्या पुढेही. खर्च भरून निघायला 178 टिचक्या खऱ्या हव्यात, म्हणजे शंभरात तेरा. आमचा अंदाज त्याच्या निम्मा, पण तेरा अशक्य आहे असे या आठ आठवड्यांवरून छातीठोकपणे म्हणता येत नाही. एवढे मात्र नक्की म्हणता येते, की शंभरातले शंभर जाहिरातीने आणले हा कागदावरचा दावा टिकत नाही.

फाटकावर दुसरा उभा असेल तर

नावाची जाहिरात नेहमीच वाया जाते, असा निष्कर्ष काढला तर तो ईबेच्या नावावर खपवता येणार नाही. ईबे अफाट प्रसिद्ध होती आणि तिच्या नावाच्या शोधात तिचाच दुवा पहिला असे. सगळ्यांचे तसे नसते. आंद्रे सिमोनोव्ह, क्रिस नोस्को आणि जस्टिन राव यांनी मायक्रोसॉफ्टच्या ‘बिंग’ या शोधयंत्रावर हजारो ब्रँडांचे प्रयोग तपासले. नावाच्या शोधात दुसरा कोणी जाहिरातदार नसेल, तर स्वतःच्या जाहिरातीने एक ते चार टक्केच फरक पडत होता, आणि ब्रँड जितका मोठा तितका कमी. पण स्वतःची जाहिरात नसताना प्रतिस्पर्धी वरच्या जागी बसले, तर ते 18 ते 42 टक्के टिचक्या पळवत होते. तिथे जाहिरात गिऱ्हाईक आणत नाही, पण राखते. शेतातल्या राखणदाराने पीक वाढत नाही, म्हणून त्याची मजुरी वाया गेली असे कोणी म्हणत नाही. मात्र पाखरेच नसलेल्या शेतात राखणदार ठेवण्यात अर्थ नाही.

दुसऱ्याच्या नावावर बोली लावणे कायद्याला चालते का? अग्रवाल पॅकर्स अँड मूव्हर्स हे नाव वापरणाऱ्या डीआरएस लॉजिस्टिक्सने गूगलविरुद्ध हाच वाद दिल्ली उच्च न्यायालयात नेला. ऑगस्ट 2023 मध्ये खंडपीठाने म्हटले, की नोंदणीकृत नावाचा शोधशब्द म्हणून वापर हा त्या नावाचा वापरच आहे आणि गूगल त्यात केवळ बघ्या नाही. परंतु गिऱ्हाइकाची दिशाभूल होत नसेल, तर तेवढ्यावरून नावाच्या हक्काचा भंग झाला असे होत नाही. म्हणजे आमचे नाव शोधणाऱ्याला शेजारचा गूळवाला आपली जाहिरात, आपल्याच नावाने, दाखवू शकतो. राखण आपल्यालाच करायची.

कोणी आले आहे का हे कसे कळते? स्वतःच्या फोनवर पुन्हापुन्हा नाव शोधून नव्हे. गूगल सवयी ओळखून निकाल बदलते, आणि चुकून टिचकी पडली तर पैसे आपलेच. जाहिरात खात्यातच निकालाचा नमुना दाखवणारे साधन असते, ते वापरावे. जाहिरात चालू असेल तर `Auction insights` या अहवालात सोबत बोली लावणारे दिसतात. आमच्या नावावर त्या आठ आठवड्यांत कोणी नव्हते. दसऱ्यानंतर एक व्यापारी दिसू लागला. त्या दिवशी नावाची जाहिरात चालू केली, आणि तो गेल्यावर पुन्हा बंद केली. आज तोच नियम आहे: दर सोमवारी पाहायचे.

आणखी दोन प्रसंगी नावाची जाहिरात खऱ्या कामाची असते. वेबसाइट नवी असून फुकटचा दुवा अजून वर आलेला नसेल तेव्हा; किंवा नाव असे असेल की त्यावर भलतेच निकाल येतात तेव्हा. कोणी डब्यावर नुसते ‘राहू’ छापले, तर त्याचा दुवा ग्रहगोलांच्या खाली कुठेतरी जाईल आणि त्याला पैसे मोजावेच लागतील.

तोट्यातल्या मोहिमेचे काय?

उरली वस्तूची मोहीम, जी कागदावर बुडत होती. तिच्या सत्तर ऑर्डरींचे फोन नंबर आम्ही जुन्या वहीशी ताडून पाहिले. पन्नास नंबर नवे होते. म्हणजे नवे गिऱ्हाईक 480 रुपयांना पडले आणि पहिल्या ऑर्डरीत 175 रुपये देऊन गेले. पण गूळ संपतो. वहीप्रमाणे टिकलेले घर वर्षात तीनदा मागवते, म्हणजे 525 रुपये. सगळीच टिकत नाहीत, आणि पन्नासांतले काही आपणहूनही आले असते, म्हणून हा सौदा काठावरचाच आहे. तरी तो तपासण्याजोगा आहे; त्यासाठी पुढच्या हंगामात काही शहरांत ही मोहीम बंद ठेवून पाहायची आहे.

यातली खरी गोम अशी, की त्या नव्या घराची दुसरी आणि तिसरी ऑर्डर कोणत्या खात्यात जमा होते? बाईला आता नाव माहीत झालेले असते. ती नावाने शोधते, आणि श्रेय नावाच्या मोहिमेला जाते. पेरले एकाने, कापणी दुसऱ्याच्या नावावर. संस्थेचा सल्ला ऐकून वस्तूची मोहीम बंद केली असती, तर नावाचे शोध काही महिन्यांनी हळूहळू आटले असते, आणि का आटले हे कोणत्याच कागदावर दिसले नसते. जत्रेतला ठेला, शेजारणीच्या हातचा चहा, आणि चुलत्याने काहिलीपाशी उभे राहून सांभाळलेली चव, यांनी आणलेली गिऱ्हाइकेही त्याच खात्यात जमा होत होती.

संस्थेने फसवले असे मला वाटत नाही. तिची फी खर्चाच्या टक्केवारीत होती आणि तिचे काम चांगला दिसणारा कागद देण्याचे होते. नावाची आणि वस्तूची बेरीज एकत्र ठेवली की कागद चांगला दिसतो. एवढे ठाऊक असलेल्या माणसाने दोनच गोष्टी मागाव्यात: बेरीज फोडून द्या, आणि बंद करून काय झाले ते दाखवा.

नावाच्या जाहिरातीतून वाचणारे महिन्याचे सहा हजार पुतण्याने कशात घातले, असे मी परवा विचारले. म्हणाला, “काका, गुळव्याची मजुरी वाढवली. तो गेला असता, तर नावाने कोण शोधणार होतं?”